कानशिलावरचे पांढरे केस रंग धरत नाहीत? आधी वाटीतलं डेव्हलपरचं प्रमाण तपासा

तक्रार साधारण अशी असते. रंग लावला, केस धुतले, वाळवले. मागचे आणि मधले केस बरे दिसतात. पण कानशिलावर आणि भांगाच्या पुढच्या बाजूला पांढरे केस नीट झाकले गेलेले नसतात. त्यांच्यावर नुसती तांबूस-तपकिरी झिलई चढलेली असते आणि खिडकीपाशी उभं राहिलं की तो केस आरपार दिसतो. शेजारचे मुळातले काळे केस मात्र किंचित उघडून लालसर झालेले असतात. चार-पाच वेळा न्हाणं झालं की झिलईही उतरते. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग शेड गडद घेतली जाते, कंपनी बदलली जाते, वेळ वाढवली जाते, 20 ऐवजी 30 व्हॉल्यूमचा डेव्हलपर आणला जातो. त्याने कानशिलं काही सुधारत नाहीत, उलट भांगातला लालसरपणा वाढतो.

ही दोन लक्षणं एकत्र दिसली, म्हणजे पांढरा केस पातळ रंगलेला आणि काळा केस लालसर, तर माझा पहिला प्रश्न शेडचा नसतो. ट्यूबमधून किती ग्रॅम काढलं आणि डेव्हलपर किती ओतला, हे मी विचारते. बहुतेक वेळा उत्तर असतं, "एक भाग रंग, दोन भाग डेव्हलपर." आणि ट्यूब असते सम प्रमाणाची.

वाटीत नेमकं काय होतं ते सावकाश बघू. कायमस्वरूपी रंगाच्या ट्यूबमध्ये तयार रंग नसतो. त्यात रंगाचे अगदी बारीक, जवळजवळ बिनरंगी घटक असतात (पीपीडी किंवा त्याच्या जातीचे, आणि त्यांच्याशी जोडले जाणारे दुसरे), शिवाय अमोनिया किंवा त्याच्या जागी दुसरा अल्कली. डेव्हलपर म्हणजे किंचित आम्लधर्मी ठेवलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड: 10 व्हॉल्यूम म्हणजे 3 टक्के, 20 म्हणजे 6, 30 म्हणजे 9, 40 म्हणजे 12. दोन्ही एकत्र झाले की अल्कली केसाचं वरचं कवच फुगवतो आणि पेरॉक्साइडला कामाला लावतो. बारीक घटक आत शिरतात, आत एकमेकांना जोडले जातात, मोठे होतात आणि अडकून बसतात. त्याच वेळी पेरॉक्साइड केसातला नैसर्गिक काळा रंगही थोडा फिका करतं. म्हणजे एकाच लगद्यात दोन कामं चालू असतात, रंग भरणं आणि मूळ रंग उघडणं. प्रमाण बदललं की या दोन कामांचा तोल बदलतो.

ट्यूब आणि 20 व्हॉल्यूम सम घेतले, तर लगद्यात अर्धी क्रीम असते आणि पेरॉक्साइड 6 चं 3 टक्क्यांवर येतं. डेव्हलपर दुप्पट घेतला तर क्रीम फक्त एक तृतीयांश राहते आणि पेरॉक्साइड 4 टक्के होतं. आकडे एवढेच आहेत, पण त्यातला फरक बघा. पेरॉक्साइड वाढलं ते 3 वरून 4 वर. रंगाचे घटक मात्र प्रत्येक ग्रॅममागे एक तृतीयांशाने घटले, आणि अल्कलीही तितकाच घटला. अल्कली कमी म्हणजे कवच कमी उघडणार. पांढरा केस, त्यातही कानशिलावरचा, बऱ्याचदा जाड आणि घट्ट कवचाचा असतो. तिथे आत शिरायची वाटही अरुंद आणि शिरणारा मालही कमी, अशी दुहेरी तूट पडते. शेजारच्या काळ्या केसात मात्र मूळ रंग थोडा उघडतो. काळा केस उघडताना आधी त्यातला लाल-नारिंगी रंग वर येतो, आणि तो झाकायला पुरेसा नवा रंग आत गेलेला नसतो. म्हणून ती दोन लक्षणं जोडीने येतात.

"ताई, डबल डेव्हलपर म्हणजे 20 चा 40 होतो ना?" हा प्रश्न नव्याने शिकणाऱ्या मुली नेहमी विचारतात, आणि घरी रंग लावणाऱ्यांच्याही मनात तो असतोच. नाही होत. 20 व्हॉल्यूमची अख्खी बाटली ओतली तरी लगद्यातलं पेरॉक्साइड 6 टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, कारण बाटलीतच तेवढं आहे. डेव्हलपर जास्त ओतल्याने ताकद वाढत नाही, लगदा पातळ होतो. दुसरा समज असा की डेव्हलपर जास्त असेल तर रंग "नीट पिकतो". सम प्रमाणातसुद्धा रंगाच्या घटकांना जोडायला लागतं त्याच्या कितीतरी पट पेरॉक्साइड वाटीत असतं. रंग पिकायला ते कधी कमी पडत नाही. कमी पडतो तो रंगच.

मग 1:2 लिहिलेल्या ट्यूब असतात त्या का? कारण त्या तशाच बनवलेल्या असतात. वेलाची कोलस्टन परफेक्ट साधारणपणे 1:1 ची आहे, पण त्यातल्याच स्पेशल ब्लाँड शेड 1:2 च्या. श्वार्झकोफची इगोरा रॉयल 1:1. लॉरिआलची माजिरेल 1:1.5, आणि त्याच कंपनीची इनोआ 1:1. वेलाची कलर टच, जी केस न उघडता नुसता रंग चढवते, ती 1:2. म्हणजे एका कंपनीचं प्रमाण एकच असतं असंही नाही. केस खूप उजळवणाऱ्या शेडमध्ये अल्कली जास्त आणि रंगाचे घटक मुळातच कमी ठेवलेले असतात. दुप्पट डेव्हलपर घातल्यावरही अल्कली पुरेल असा हिशोब त्यात आधीच केलेला असतो, कारण तिथे काम उघडण्याचं आहे, झाकण्याचं नाही. कलर टचसारख्या रंगात उद्देश वेगळा: 1.9 टक्क्यांचा सौम्य डेव्हलपर दुप्पट घातला की डोक्यावर जेमतेम सव्वा टक्का पेरॉक्साइड पोचतं, मूळ रंग जवळजवळ हलत नाही आणि थोडेसे पांढरे केस पारदर्शक रंगात मिसळून जातात. तिथे तो आरपारपणा हवाच असतो. कानशिलं पूर्ण झाकायची असतील तर तोच दोष ठरतो.

म्हणून "सम चांगलं की डबल चांगलं" या प्रश्नाला एक उत्तर नाही. ट्यूबवर किंवा आतल्या पत्रकात जे लिहिलंय ते त्या ट्यूबचं प्रमाण. ते वाचताना पहिला आकडा रंगाचा आणि दुसरा डेव्हलपरचा, हेही लक्षात ठेवा. उलट वाचलेलं मी पाहिलेलं आहे. आणि ज्या पुडीत पावडर पाण्यात कालवायची असते, तिच्यात डेव्हलपर घालायचा नाही. तिचं ऑक्सिडायझर पुडीतच असतं.

एक उदाहरण तपशिलात सांगते. एक काकू, वय पंचावन्नच्या पुढे, खांद्यापर्यंत केस, पुढचे तीन चतुर्थांश पांढरे, मागे बरेच काळे. शेड 4, साधी तपकिरी, म्हणजे पांढरे झाकायला योग्यच. ट्यूब 60 ग्रॅमची, पत्रकात 1:1. रंग सूनबाई लावायच्या. एका ट्यूबमध्ये सगळे केस भागावेत म्हणून त्या 60 ग्रॅम क्रीममध्ये 120 मिली डेव्हलपर घालत आणि मुळांपासून टोकांपर्यंत एकदमच लावत. "पसरतो छान, आणि पुरतो," असं त्यांचं म्हणणं. पसरतो हे खरं होतं. लगदा इतका सैल की कानशिलावरून ओघळून गालावर यायचा, म्हणजे जिथे रंगाचा जाड थर सगळ्यात जास्त हवा तिथेच तो टिकत नव्हता.

आम्ही फक्त प्रमाण आणि लावायची जागा बदलली. शेड तीच, 20 व्हॉल्यूम तोच. महिन्याभरात वाढ झाली होती बोटाच्या एका पेरापेक्षा कमी, त्यामुळे रंग लागणार तेवढ्या मुळांनाच. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाटी ठेवली, काटा शून्यावर आणला, 35 ग्रॅम क्रीम पिळली, पुन्हा शून्य केलं आणि 35 ग्रॅम डेव्हलपर ओतला. (क्रीमसारख्या डेव्हलपरचा एक मिली जवळपास एक ग्रॅमच भरतो, त्यामुळे दोन्ही वजनाने मोजलं की चूक राहत नाही. बाटलीच्या झाकणाने मोजण्यात फार फरक पडतो.) लगदा श्रीखंडाइतका घट्ट झाला. ब्रशवरून गळायचं नाव नाही. सुरुवात कानशिलांपासून, कारण सगळ्यात हट्टी केसाला सगळ्यात जास्त वेळ मिळायला हवा. केसांच्या अर्ध्या सेंटिमीटरच्या पातळ पट्ट्या काढत, प्रत्येक पट्टीच्या दोन्ही बाजूंना, केस दिसेनासा होईल इतका जाड थर. घड्याळ लावलं ते शेवटची पट्टी संपल्यावर. 35 मिनिटं. पत्रकात हट्टी पांढऱ्या केसांना थोडा जास्त वेळ दिलेला असेल तर तेवढाच द्यावा, त्याच्या पलीकडे नाही. धुण्याआधी पाच मिनिटं मुळांवर थोडं पाणी शिंपडून तोच लगदा बोटांनी खाली केसांवर ओढला, टोकांना एवढं पुष्कळ.

कानशिलं भरून आली, आरपार दिसणं गेलं. आणखी एक गोष्ट हिशोबात आली. आधी दर महिन्याला 60 ग्रॅमची पूर्ण ट्यूब संपायची. आता 35 ग्रॅम पुरते, आणि उरलेली ट्यूब तोंड पुसून, हवा काढून, झाकण घट्ट लावून पुढच्या वेळी वापरता येते. बचत करायची तर डेव्हलपर वाढवून नाही, लावायची जागा कमी करून.

इथे एक सापळा आहे. शेड 4 साधी असेल तर प्रश्न नाही, पण कुणाला महोगनी, बरगंडी, तांबूस अशी फॅशन शेड हवी असते. त्या एकट्या पांढरा केस नीट झाकत नाहीत, म्हणून त्यांच्यात त्याच पातळीची साधी शेड मिसळतात. पांढरे केस निम्म्याच्या पुढे गेले असतील तर सहसा अर्धी-अर्धी. समजा 20 ग्रॅम साधी आणि 20 ग्रॅम फॅशन घेतली. सम प्रमाण म्हणजे डेव्हलपर 40 ग्रॅम, दोन्ही क्रीमच्या बेरजेइतका. पुष्कळ जणी प्रत्येक ट्यूबचा वेगळा हिशोब करताना गोंधळतात आणि 60 किंवा 80 ओततात. वाटीत आपोआप डबल तयार होतं, आणि कुणी ठरवून केलेलं नसल्यामुळे ते सापडतही नाही.

प्रमाणच दोषी आहे का, याची खात्री डोक्यावर प्रयोग न करता करता येते. फणीत आलेले पांढरे केस चार-सहा दिवस साठवा, शाम्पूने धुऊन वाळवा आणि दोऱ्याने बांधून तीन छोट्या जुड्या करा. तीन वाट्या घ्या. प्रत्येकीत 4 ग्रॅम क्रीम. पहिलीत 4 ग्रॅम डेव्हलपर, दुसरीत 6, तिसरीत 8. एवढ्या कमी मापाला सोनाराच्या काट्यासारखा, दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो. तो नसेल तर सगळं तिप्पट घ्या. जुड्या प्लास्टिकच्या तुकड्यावर ठेवून जाड लगद्यात बुडवा, 35 मिनिटांनी धुवा, वाळवा आणि पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा. 1:1 च्या ट्यूबची पहिली जुडी भरीव तपकिरी दिसते. तिसरी फिकी, तांबूसपणाकडे झुकलेली, आणि केस वर धरला की उजेड आरपार येतो. मधली या दोघींच्या मध्ये. तिन्ही जुड्या रोजच्या शाम्पूने तीन-चार वेळा धुऊन परत बघा. तिसरीतला फरक तेव्हा आणखी वाढलेला असतो, आणि कानशिलावरचा रंग पंधरवड्यात का जातो ते तिथेच कळतं.

तिन्ही जुड्या सारख्याच फिक्या आल्या तर दोष प्रमाणात नाही. मग बहुधा डेव्हलपर मेलेला आहे. उघडी पडलेली, उन्हात किंवा गरम बाथरूममध्ये राहिलेली बाटली ताकद गमावते. कालवलेला लगदा वाटीत दहा-पंधरा मिनिटांत गडद व्हायला लागतो. गडद शेड असूनही तो अर्ध्या तासानंतर फिकाच राहिला तर नवी बाटली आणा. आणि पहिली जुडी छान रंगली पण डोक्यावर तेच प्रमाण चाललं नाही, तर थर पातळ पडतोय, वेळ कमी मिळतोय किंवा केसांवर तेल-सिरम आहे, एवढ्याच गोष्टी शोधायच्या उरतात.

उलटी तक्रारही येते, मात्र कमी. रंग फार गडद, मेलेला, टोकांशी जवळजवळ काळा. इथे 1:1.5 किंवा 1:2 ची ट्यूब सम प्रमाणात कालवलेली असू शकते: क्रीम वाचवायच्या ऐवजी डेव्हलपर वाचवलेला. लगद्यात रंग ठरवल्यापेक्षा जास्त, पेरॉक्साइड कमी. टोकं आधीच जुन्या रंगांनी सच्छिद्र झालेली असतात, ती हा जादा रंग पिऊन घेतात. उजळ शेडमध्ये याचा फटका वेगळाच बसतो. 12 टक्क्यांचा डेव्हलपर दुप्पट घातला तर लगद्यात 8 टक्के पेरॉक्साइड असतं, सम घातला तर 6. उजळण्याचं कामच अर्धवट राहतं आणि केस पिवळ्या-नारिंगी टप्प्यावर थांबतो. पण या शेड मुळात गडद ब्लाँड किंवा त्याहून उजळ केसांसाठी असतात. आपल्याकडच्या काळ्याभोर केसांवर त्या कोणत्याही प्रमाणात सोनेरी होत नाहीत, नारिंगी-तपकिरीच होतात. तिथे वाटीतलं प्रमाण तपासत बसण्यात अर्थ नाही.

एका कारणासाठी डेव्हलपर मुद्दाम वाढवला जातो, त्याची मला काळजी वाटते. "डोक्याला खाज येते, म्हणून रंग जरा पातळ करते." खाज पीपीडीच्या ॲलर्जीची असेल तर एक तृतीयांश पातळ केल्याने संरक्षण मिळत नाही. ॲलर्जी झालेल्या माणसाला अगदी थोडंही पुरतं, आणि प्रत्येक वेळी प्रतिक्रिया वाढत जाऊ शकते. त्यात पातळ लगदा कपाळावर, पापण्यांकडे ओघळतो. खाज, सूज, कानामागे पाणी सुटणं असं काही झालं असेल तर रंग बंद आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणं, एवढंच करायचं. बाकीच्यांनीही नवी ट्यूब घेतली की 48 तास आधी पत्रकात सांगितल्याप्रमाणे कानामागे किंवा कोपराच्या आत चाचणी करावी.

आता, या महिन्याचा रंग आधीच पातळ बसला असेल तर काय? सगळं डोकं पुन्हा रंगवू नका. केस न्हाल्यावर दोन-तीन दिवस जाऊ द्या, टाळू शांत असेल तरच पुढे जा. फक्त कानशिलं आणि पुढची भांगरेषा यांच्यासाठी 15 ग्रॅम क्रीम आणि 15 ग्रॅम 20 व्हॉल्यूम पुरतो. कोरड्या केसांवर जाड थर आणि पूर्ण वेळ. भांगातले काळे केस लालसर झाले असतील तर त्यांना वेगळ्या वाटीत तीच साधी शेड, सम प्रमाणात, पण 10 व्हॉल्यूमबरोबर कालवून लावा. लगद्यात पेरॉक्साइड दीड टक्काच राहतं, म्हणून केस आणखी उघडत नाही, फक्त रंग बसतो. हे 10 व्हॉल्यूम पांढऱ्या केसांवर मात्र वापरू नका, तिथे ते अपुरं पडतं. दर दहा मिनिटांनी एक बट ओल्या टिश्यूने पुसून बघा आणि लालसरपणा दबला की भांगाचा भाग आधी धुवा.

वाटीत लगदा उरला तर तो टाकून द्या. तो ट्यूबमध्ये परत भरायचा नाही आणि झाकणाच्या डबीत ठेवायचाही नाही. तो पुढच्या वेळी काम करत नाही, आणि पेरॉक्साइडमधून सुटणाऱ्या ऑक्सिजनने बंद डबी फुगून फुटते.